मॉकअप पाठवलेत, आता क्लायंटला नेमकं काय विचाराल?

फोंड्याजवळच्या एका कुळागराच्या वेबसाइटचं काम माझ्याकडे आलं होतं. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: पोफळी, माड, मिरवेली, जायफळ, केळी असं सगळं एकमेकांच्या सावलीत वाढवलेली ओलिताची बाग म्हणजे कुळागर. पर्यटक येतात, तासभर बाग फिरतात, केळीच्या पानावर जेवतात, जाताना मिरी-दालचिनी घेऊन जातात. सगळा कारभार घरचाच. थोरला भाऊ व्यवहार बघतो, वहिनी स्वयंपाकघर सांभाळतात, वडील बाग दाखवतात आणि धाकटा आखातात नोकरीला आहे.

होमपेजचे दोन मॉकअप मी तयार केले. मॉकअप म्हणजे पान तयार झाल्यावर कसं दिसेल त्याचं हुबेहूब चित्र. बटणं दिसतात पण दाबली जात नाहीत. चित्र बदलायला तास-दोन तास लागतात आणि तेच पान कोडमध्ये उतरल्यावर बदलायचं तर दिवस जातात, म्हणून क्लायंटचं म्हणणं या टप्प्यावर घ्यायचं असतं. हे मला ठाऊक होतं. तरीही मी लिहिलेला मेल असा होता: ‘नमस्कार. होमपेजची दोन डिझाइन्स जोडली आहेत. पाहून अभिप्राय कळवावा.’

चार उत्तरं आली. थोरला म्हणाला, ‘मस्त झालंय, पण जरा उठून दिसत नाही.’ वहिनींचं म्हणणं, हिरवा कमी करा आणि अक्षरं मोठी करा, काही वाचता येत नाही. आखातातल्या धाकट्याने कुठल्याशा रिसॉर्टच्या साइटचा स्क्रीनशॉट पाठवून ‘असं काहीतरी’ एवढंच लिहिलं, आणि वर पहिल्या डिझाइनचा वरचा भाग दुसऱ्याच्या खालच्या भागाला जोडायला सांगितलं. काकांनी, म्हणजे वडिलांनी, व्हॉट्सॲपवर आवाजात सांगितलं: ‘ते जायफळ आमचं नव्हे. आमचं फळ उकललं की आत लाल जायपत्री दिसते. तुमच्या फोटोत ती कुठे आहे?’

करारात दुरुस्तीच्या दोन फेऱ्या होत्या. पहिली हिरवा कमी करण्यात गेली, दुसरी तो परत आणण्यात. मग एकदा बागेत जेवायला गेलो असताना सहज बोलता बोलता कळलं की यांची निम्म्याहून जास्त गिऱ्हाइकं मंगेशी-म्हार्दोळला देवदर्शनाला आलेली असतात आणि तिथूनच फोन करतात. माझ्या होमपेजवर फोन नंबर सगळ्यात खाली, तळटिपेत होता.

चूक क्लायंटची नव्हती. माझ्या प्रश्नाची होती. लग्नाच्या मांडवातून बाहेर पडणाऱ्याला ‘जेवण कसं झालं?’ विचारलं तर तो ‘छान’ म्हणणार, फार तर मठ्ठा पातळ होता म्हणेल. तेच वाढण्याआधी स्वयंपाकघरात कुणाला बोलावून ‘आमटीत गूळ अजून घालू का?’ म्हणून चमचा पुढे केला, तर कामाचं उत्तर मिळतं. ‘अभिप्राय कळवा’ म्हटलं की माणूस परीक्षक होतो. परीक्षकाला काहीतरी चूक काढणं भाग असतं, आणि डिझाइन न शिकलेल्याच्या डोळ्यात आधी भरतो तो रंग, मग अक्षरं, मग लोगो. पानाचा क्रम चुकलाय हे त्याला दिसत नाही, कारण क्रम ही बघायची गोष्ट आहे हेच त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

चारही उत्तरांत खरोखर मोलाचं एकच होतं, काकांचं. ते मला दुसरं कोणीही सांगू शकलं नसतं. मग मी माझ्यापुरता एक दंडक घातला: क्लायंटला तेच विचारायचं जे फक्त त्यालाच माहीत आहे, आणि प्रत्येक प्रश्नाआधी स्वतःला विचारायचं की याचं उत्तर काहीही आलं तरी मी पानावर काय बदलणार? काहीच बदलणार नसेल तर तो प्रश्न खोडायचा.

वहिनींच्या ‘वाचता येत नाही’बद्दल मात्र थोडं थांबून सांगायला हवं, कारण त्या चुकीचं बोलत नव्हत्या आणि अक्षरंही बारीक नव्हती. लॅपटॉपसाठीचा मॉकअप मी १४४० पिक्सेल रुंद केला होता आणि मजकूर १६ पिक्सेलचा, म्हणजे नेहमीचा. तो मी चित्र म्हणून व्हॉट्सॲपवरही टाकला. वहिनींनी तो मोबाईलवर उघडला. मोबाईलचा पडदा डिझाइनच्या हिशेबात साधारण ३९० पिक्सेल रुंद धरतात. १४४० चं चित्र ३९० मध्ये बसवलं की सगळं जवळजवळ पावपट होतं, म्हणजे १६ ची अक्षरं ४ पिक्सेलची झाली. त्यात व्हॉट्सॲप चित्र दाबून लहान करतं ते वेगळंच. मुंगीची अक्षरं कोण वाचणार! मी ती १६ ची २० केली, आणि खऱ्या लॅपटॉपवर पान बटबटीत दिसायला लागलं. तेव्हापासून मेलमध्ये कुठली लिंक कशावर उघडायची हे लिहिल्याशिवाय मी मॉकअप पाठवत नाही. चित्र म्हणून तर अजिबात नाही. फिग्मा या डिझाइनच्या ऑनलाइन साधनातली लिंक देतो.

दोन्ही फेऱ्या वाया गेल्यावर तिसरी मी पदरमोड करून केली. या खेपेला एकच मॉकअप होता. दोन ठेवले की लोक निवड करत नाहीत, खिचडी करतात. आधी शनिवारी बागेत जाऊन अर्धा तास समोरासमोर दाखवला आणि घरी येऊन हा मेल लिहिला:

> विषय: होमपेज: दुरुस्तीआधी ५ प्रश्न, उत्तरं बुधवार संध्याकाळपर्यंत
>
> नमस्कार दादा,
>
> शनिवारी दाखवलेला मॉकअप सोबत पाठवतोय, त्यात नंतर काही बदललेलं नाही. खाली दोन लिंक आहेत. पहिली मोबाईलवर उघडा. दुसरी ऑफिसातल्या लॅपटॉपवर उघडा आणि झूम १०० टक्के ठेवा. मोबाईलची आधी बघा.
>
> आपलं ठरलंय ते असं: मंगेशी-म्हार्दोळला आलेल्या कुटुंबाने तिथूनच फोन करून जेवणाची जागा धरावी. हे पान त्या एका कामासाठी आहे. बघताना ते कुटुंब डोळ्यासमोर ठेवा.
>
> १. हे पान अजून न पाहिलेल्या कुणालातरी मोबाईलवर वरचा पहिला भाग पाच सेकंद दाखवा आणि मोबाईल काढून घ्या. ‘इथे काय मिळतं?’ असं विचारा. उत्तर त्यांच्याच शब्दांत मला पाठवा.
>
> २. मोठं बटण ‘फोन करा’ हे आहे. फोन कोण घेतं? दिवसातल्या कुठल्या वेळी कोणीच घेऊ शकत नाही?
>
> ३. सध्याचा क्रम बागफेरी, जेवण, मसाले असा आहे. गेल्या हंगामात लोक फोनवर सगळ्यात आधी काय विचारायचे? आठवतील ते तीन प्रश्न लिहा.
>
> ४. झाडांचे ७ फोटो आहेत. काकांनी एकेक बघून सांगावं: झाड बरोबर आहे का, आणि आपल्याच बागेतलं आहे का?
>
> ५. जेवणाचा दर, वेळा आणि रस्त्याच्या खुणा यांत काही चुकलंय का? या हंगामात काय बदलणार आहे?
>
> रंग आणि अक्षरं मागच्या वेळचीच आहेत, त्यांवर आज काही सांगू नका. मांडणी पक्की झाली की ती बघू. मसाल्यांच्या यादीतला मजकूर कच्चा आहे, तोही सोडा. मात्र एखादी गोष्ट वाचताच येत नसेल तर जरूर कळवा.
>
> घरात सगळ्यांना दाखवा, पण उत्तर तुमच्याकडून एकच येऊ दे. मतं वेगळी पडली तर तुम्ही ठरवा, नाहीतर मला फोन करा. आवाजात सांगितलंत तरी चालेल, मी लिहून काढीन.
>
> उत्तरं बुधवारी संध्याकाळी सहापर्यंत मिळाली तर सुधारलेला मॉकअप सोमवारी देतो. ही फेरी करारातल्या दोन फेऱ्यांबाहेरची आहे, तिचे पैसे नाहीत. यानंतरच्या बदलांचा हिशेब वेगळा करू.

मेल लांब आहे, हे मान्य. पण दादांनी तो वाचला, कारण विषयाच्या ओळीतच किती प्रश्न आणि कधीपर्यंत हे त्यांना कळलं होतं. ‘होमपेज डिझाइन’ एवढाच विषय असता तर तो ‘रात्री निवांत बघू’च्या ढिगात गेला असता.

बुधवार मी उगाच निवडला नव्हता. पुढच्या आठवड्यात चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी होती. आपल्याकडे चवथीच्या तोंडावर कोणाकडूनच काही कागद हलत नाही, आणि कुळागरवाल्यांची तर त्या दिवसांत माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या वर फळंफुलं टांगायच्या चौकटीच्या सामानाची धावपळ असते. तेव्हाची तारीख दिली असती तर ती पाळली गेली नसती आणि दोष मात्र क्लायंटवर गेला असता. शिवाय ऑक्टोबरला हंगाम सुरू होतो, त्याआधी साइट लागायला हवी होती. तारीख देताना तिच्यापुढे काय घडणार हेही लिहावं. ‘बुधवारपर्यंत’ ही नुसती मागणी झाली; ‘बुधवारी दिलंत तर सोमवारी मिळेल’ यात देवाणघेवाण आहे.

‘यावर आज काही सांगू नका’ ही ओळ लिहिताना हात थोडा अडखळतो. क्लायंटला तोंड बंद ठेवायला सांगतोय असं वाटतं. प्रत्यक्षात त्याला हायसंच वाटतं, कारण आपल्याला काय बघायचं नाही हे कळलं की उरलेल्याकडे नीट लक्ष देता येतं. त्यामागे कामाचाही हिशेब आहे. क्रम बदलला की भाग हलतात, भाग हलले की त्यांतले रंग नव्याने बसवावे लागतात. उलट्या दिशेने गेलं तर एकच भिंत दोनदा रंगवायची वेळ येते. माझी ती आली होती.

वाचता न येण्याला मात्र मुद्दाम दार उघडं ठेवलंय, कारण ती आवडीनिवडीची बाब नव्हे. बागेच्या फोटोवर पांढरी अक्षरं टाकली की पोफळीच्या सावलीत ती छान दिसतात आणि उन्हाचा पट्टा आला तिथे विरघळून जातात. याचं मोजमाप असतं. वेब सर्वांना वापरता यावं म्हणून ठरवलेल्या डब्ल्यूसीएजी या निकषांत साध्या आकाराचा मजकूर आणि त्यामागचा रंग यांच्यात किमान ४.५ ला १ एवढा उजळपणाचा फरक मागितला आहे, मोठ्या मजकुरासाठी ३ ला १. तो फरक मोजून देणारी साधनं फुकट मिळतात. म्हणजे ‘हा रंग वाचायला बरा वाटतो का?’ हे क्लायंटला विचारायचंच नाही, आपण मोजायचं. तसंच देवनागरीचं. इंग्रजीच्या हिशेबाने ओळींत अंतर ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला धडकतो. हे आपल्याला दिसायला हवं, क्लायंटच्या वहिनींना नव्हे.

उत्तरं आली ती बुधवारी रात्री साडेनऊला. गोव्यात याला वेळेवर म्हणतात.

पहिल्या प्रश्नासाठी दादांनी वहिनींच्या भाचीला पकडलं होतं. पाच सेकंद बघून ती म्हणाली, ‘रिसॉर्ट आहे. राहायला मिळतं.’ मी वर घराच्या पडवीचा फोटो टाकला होता, संध्याकाळच्या उजेडातला, माझा फार आवडता. त्यामुळे जेवण मिळणारी जागा राहायची जागा वाटत होती. ‘फोटो आवडला का?’ असं विचारलं असतं तर सगळे हो म्हणाले असते, आणि हंगामभर फोनवर ‘रूमचं भाडं किती?’ हे ऐकत बसले असते. या पाच सेकंदांच्या चाचणीने पान आवडतं की नाही हे कळत नाही, पुढे कोणी फोन करेल की नाही हेही कळत नाही. पहिल्या नजरेला काय समजलं तेवढंच कळतं. पण जे चुकीचं समजलं ते ती लख्ख दाखवते, आणि एका माणसावर केली तरी उपयोगी पडते.

दुसऱ्याचं उत्तर: ‘फोन मी घेतो. पण दुपारी साडेबारा ते अडीच सगळे वाढपात असतो, कोणी घेत नाही.’ म्हणजे देवळातून निघालेलं कुटुंब ज्या वेळी फोन करणार नेमकी तीच वेळ! बटण कितीही मोठं केलं असतं तरी पलीकडे रिंगच वाजत राहिली असती. हे कुठल्याही डिझाइनच्या पुस्तकात सापडणार नव्हतं.

तिसऱ्याला तीन प्रश्न आले: जेवण किती वाजेपर्यंत मिळतं, मुलांना अर्धं ताट आहे का, बस आत येते का. बागफेरीचा एकही नाही. क्रम आपोआप ठरला. जेवण वर आलं आणि त्याच्या खाली लगेच या तिन्हींची उत्तरं. पाचव्यात दादांनी नवा दर कळवला आणि रस्त्याची एक खूण बदलायला सांगितली.

वर एक वाक्य न विचारलेलंही होतं: ‘लोगो मोठा करा.’ हे प्रत्येक कामात येतं, आणि त्यावर आम्हा डिझाइनवाल्यांचे विनोदही ठरलेले आहेत. पण हा उपाय आहे, अडचण त्याच्या मागे कुठेतरी असते. म्हणून नाही म्हणण्याआधी मी फोन करून विचारलं, ‘लोगो लहान असल्यामुळे काय होईल अशी काळजी वाटते?’ दादा म्हणाले, जवळपास अशाच दोन-तीन बागा आहेत, टॅक्सीवाले गिऱ्हाइकाला भलतीकडे नेऊन सोडतात. मग लोगो होता तेवढाच ठेवला आणि फाट्यावरच्या फलकाचा फोटो रस्त्याच्या माहितीशेजारी लावला. गाडीतून दिसेल तीच पाटी पानावर दिसली की ओळख पटते. दादांना ते लोगोपेक्षा पसंत पडलं.

नेहमी असं जुळून येत नाही. दोघांची उत्तरं एकमेकांच्या विरुद्ध आली तर मधला रस्ता आपण काढायचा नाही. दोन्ही वाक्यं शेजारी लिहून ज्याच्याकडे निर्णय आहे त्याला परत पाठवायची. आणि उत्तरच आलं नाही तर? काही जण मेलमध्ये ‘उत्तर न आल्यास मंजूर समजू’ असं लिहितात. करारात तसं आधीच ठरलेलं असेल तर ठीक. नसेल तर ती ओळ कागदावर राहते आणि भांडण खरं होतं. मी एक फोन करतो, त्यातही झालं नाही तर नवी तारीख लेखी कळवतो आणि तोवर दुरुस्तीला हात लावत नाही. अर्धवट उत्तरांवर सुरू केलेलं काम पुन्हा करावं लागतं.

उत्तरं मिळाल्यावर आणि फिग्मा उघडण्याआधी अजून एक छोटा मेल जातो. तो बरेच जण गाळतात. त्यात मला काय समजलं ते मी परत लिहून पाठवतो: हे बदलणार, हे बदलणार नाही आणि का, हे पुढच्या फेरीत. या कामात बदलायच्या यादीत चार गोष्टी होत्या: पडवीच्या जागी केळीच्या पानावर वाढलेल्या जेवणाचा फोटो, जेवण आधी आणि बाग नंतर, फलकाचा फोटो, आणि ‘फोन करा’ बटणाखाली एक ओळ, ‘दुपारी साडेबारा ते अडीच व्हॉट्सॲपवर लिहा, पानं वाढून झाली की उत्तर देतो.’ शब्द दादांचेच होते, मी फक्त आवाजातून उतरवून घेतले. न बदलायच्या यादीत लोगो, कारणासह. दादांचं उत्तर आलं, ‘ओके’. या खेपेला त्या ‘ओके’चा अर्थ दोघांनाही माहीत होता.

चौथ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात उशिरा, चवथ झाल्यावर आलं. काकांनी सातपैकी पाच फोटो बाद केले होते. दोन झाडं चुकीची होती, तीन बरोबर पण परक्या बागेतली. सोबत त्यांनी स्वतःच्या मोबाईलवर काढलेले अकरा फोटो होते, थोडे हललेले, एकात त्यांचा अंगठाही आलेला. जायफळ मात्र उकललेलं होतं, आणि आतली जायपत्री लालभडक दिसत होती.